ताटात उरलेले वजन

वृद्धाश्रमातल्या माणसाचे वजन कोणीही न ठरवता कमी होऊ लागले, तर त्याचे एकच कारण क्वचित सापडते. बहुतेक वेळा तीन-चार साधी कारणे एकमेकांना धरून बसलेली असतात. दात दुखतात म्हणून जेवण कमी होते, जेवण कमी झाल्याने अशक्तपणा येतो, अशक्तपणामुळे माणूस खोलीबाहेर पडत नाही, एकटे जेवायला मन घेत नाही, आणि यातच एखादी गोळी अन्नावरची वासना मारत असते. 'वय झाले की माणूस वाळतोच' असे म्हणून हा विषय अनेकदा मिटवला जातो. वयाबरोबर भूक थोडी कमी होते हे खरे. पण सहा महिन्यांत पाच-सहा किलो जाणे हे वयाचे लक्षण नव्हे. (मराठीत 'नर्सिंग होम' म्हटले की खासगी प्रसूतिगृह किंवा छोटे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत आहे ते वृद्धांच्या कायमच्या निवासाचे व शुश्रूषेचे ठिकाण.)

तपासणी कशी पुढे जाते हे एका उदाहरणावरून नीट कळते. हे उदाहरण कोणा एका व्यक्तीचे नाही; अशा ठिकाणी वारंवार जे दिसते त्यावरून ते बेतलेले आहे. आजींचे वय ७८, उंची १५० सेंटिमीटर. पंधरा वर्षांचा मधुमेह, वरच्या जबड्यात पूर्ण कवळी, खाली मोजके सहा दात. जुलैत मुलगा भेटायला आला आणि आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना पाहून घाबरला. आश्रमातल्या सिस्टरने वजनाची वही काढली. जानेवारीत ५२ किलो, फेब्रुवारीत ५१.९, मार्चमध्ये ५१.५, एप्रिलमध्ये ५०.२, मेमध्ये ४८.९, जूनमध्ये ४७.७ आणि जुलैमध्ये ४६.६.

वजन दर महिन्याला नेमाने लिहिले गेले होते, तरी ते कोणाला खटकले नाही. शुश्रूषागृहांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीनुसार एका महिन्यात पाच टक्के, तीन महिन्यांत साडेसात टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली की ती गंभीर धरतात. आजींची घट कोणत्याही एका महिन्यात तीन टक्क्यांपर्यंतही गेली नाही. मार्च ते जून या तीन महिन्यांचा हिशेब केला तर ती ७.४ टक्के भरते, म्हणजे मर्यादेच्या केसभर अलीकडे. जानेवारी ते जुलै असे एकत्र पाहिले तेव्हाच १०.४ टक्के हा आकडा समोर आला. वहीत लिहिणारी व्यक्ती फक्त मागच्या ओळीकडे पाहत असेल, तर दर वेळी 'किलोभर इकडेतिकडे' एवढेच दिसते. डॉक्टर यापेक्षा सावध मोजपट्टी वापरतात : सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के घटले, की शोध सुरू. त्या हिशेबाने आजींचा शोध मेमध्येच सुरू व्हायला हवा होता.

अर्थात वहीतला आकडा खरा आहे ना, हे आधी पाहावे लागते. एक महिना शालीसह आणि दुसरा महिना गाऊनवर वजन घेतले, तर अर्धा-पाऊण किलोचा फरक कपड्यांचाच पडतो. म्हणून वजन एकाच काट्यावर, सकाळी, लघवी करून आल्यावर, न्याहारीच्या आधी आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत घेतात. आकडा अनपेक्षित आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात. पायांवरची सूज बोटाने दाबून पाहतात, कारण शरीरात पाणी साठले असेल तर खरी घट झाकली जाते. उलट लघवी वाढवणारी गोळी नुकतीच सुरू झाली असेल, तर दोन-तीन किलो पाणीच गेलेले असते. उभे राहता न येणाऱ्यांसाठी पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे हे स्नायू झडल्याचे लक्षण मानले जाते. आजींच्या पायांवर सूज नव्हती, आणि पोटरीचा घेर २९ भरला.

यानंतर बहुतेक ठिकाणी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिली जाते. खरे तर त्याआधी एक बिनखर्चाची तपासणी करायची असते : जेवताना शेजारी बसणे. आश्रमाच्या वहीत आजींच्या नावापुढे रोज 'जेवल्या' असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ एवढाच, की ताट वाढले गेले आणि उचलले गेले. दुपारी सव्वाबाराला ताट आले. दोन पोळ्या, कोबीची भाजी, आमटी, काकडीची कोशिंबीर. भात नाही, कारण मधुमेहाचे पथ्य. आजींनी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला, डाव्या गालाकडे सारला, बराच वेळ घोळवला आणि चघळून झालेला चोथा हळूच ताटाच्या कडेला ठेवला. कोबी तशीच राहिली. कोशिंबिरीला हात लागला नाही. दर दोन घासांनंतर पाण्याचा घोट. पंचवीस मिनिटांनी मावशी आल्या, 'आजी, झालं का?' म्हणाल्या, आजींनी मान हलवली आणि ताट गेले. पोटात गेली ती जेमतेम अर्धी पोळी आणि वाटीभर आमटी. खोकला आला नाही, घास गिळल्यावर आवाज घोगरा झाला नाही. म्हणजे अडचण गिळण्यात नसून त्याच्या आधी, तोंडातच होती. ठसका लागत असता किंवा एका घासाला दोन-तीनदा गिळावे लागत असते, तर वाट वेगळी झाली असती.

असे सलग तीन दिवस तिन्ही वेळचे उरलेले अन्न पाहून हिशेब केला, तेव्हा रोज साधारण ११०० कॅलरी पोटात जात असल्याचे दिसले. वृद्धांना दर किलो वजनामागे ३० कॅलरी असा ढोबळ अंदाज धरतात. त्या मापाने आजींची गरज १४०० च्या आसपास. रोजचा तुटवडा ३०० कॅलरींचा, म्हणजे दोन-तीन पोळ्यांचा. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. महिनाभरात ३०० च्या हिशेबाने ९००० कॅलरी कमी पडल्या, तर किलोपेक्षा थोडे अधिक वजन जाणार, आणि वहीत नेमके तेवढेच गेलेले होते. हा मेळ महत्त्वाचा आहे. खाणे भरपूर असून वजन जात असेल तर अतिक्रियाशील थायरॉइड, हाताबाहेर गेलेली साखर, आतड्यांतून अन्न न शोषले जाणे यांचा संशय आधी घ्यावा लागतो. येथे न खाल्लेल्या अन्नातच घटीचा हिशेब पुरा होत होता. तेव्हा प्रश्न उरला तो न खाण्याचा.

तोंड तपासताना कवळी काढायला लावणे ही पहिली पायरी. ती अनेकदा राहून जाते, कारण वृद्ध माणसाला परक्यासमोर कवळी काढणे लाजिरवाणे वाटते आणि डॉक्टरला तसे सांगणे अवघड वाटते. आजींची कवळी आठ वर्षांची होती. ती काढल्यावर टाळूवर लालभडक पट्टा दिसला, कवळीच्या आकाराचा, जणू छाप उमटावा तसा. कवळीखाली वाढणाऱ्या कॅन्डिडा या बुरशीची ही खूण. कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवणाऱ्यांत ती फार आढळते, आणि पांढरा थर नसल्याने 'बुरशी नाही' असे समजून सोडून दिली जाते. खालच्या सहा दातांपैकी दोन हलत होते. एकाचे नुसते खुंट उरले होते आणि त्याच्या धारेने जिभेच्या कडेला जखम झाली होती. आजी पूर्वी मिशरी लावत, त्यामुळे त्या जखमेकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते. टोचणारे कारण दूर केल्यावर दोन-तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही, तिचा तुकडा तपासायला पाठवावाच लागतो.

कवळी सैलही झाली होती. इथे कार्यकारण उलटे फिरते. वजन उतरले की हिरड्या आणि गालही आक्रसतात, जुनी कवळी हलू लागते, हलणारी कवळी घासते आणि घासते म्हणून माणूस चावणे टाळतो. सैल कवळी वजन घटण्याचे कारणही असते आणि परिणामही. तोंडातली आणखी एक गोष्ट बोटालाच कळली : गालाच्या आतल्या बाजूला लावलेले हातमोज्याचे बोट चिकटत होते. लाळ नव्हती. दर दोन घासांना पाणी का लागत होते याचा उलगडा झाला. शिवाय लाळेशिवाय वरची कवळी टाळूला धरून राहत नाही, हाही धागा जुळला. लाळ का आटली याचे उत्तर मात्र तोंडात नव्हते, ते गोळ्यांच्या डब्यात होते.

औषधांची नुसती यादी वाचून फारसे हाती लागत नाही. प्रत्येक औषध कधी सुरू झाले आणि त्याची मात्रा कधी बदलली, या तारखा वजनाच्या वहीशेजारी मांडाव्या लागतात. आजींच्या बाबतीत वजनाची रेघ मार्चनंतर वाकली होती. मार्चमध्ये दोन बदल झाले होते. मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमवरून २००० केली गेली, आणि लघवीची घाई होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन सुरू झाले. मेटफॉर्मिनने अन्नावरची वासना जाते, तोंडाला धातूसारखी चव येते, पोट बिघडते. मात्रा वाढवल्यावर हे अधिक जाणवते. ऑक्सिब्युटिनिन मूत्राशयाला शांत करते, पण त्याच परिणामाने लाळही आटवते आणि बद्धकोष्ठ करते. आजींना चार-चार दिवस पोट साफ होत नव्हते, आणि भरलेल्या पोटाला भूक लागत नाही. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी योग्य कारणासाठी दिल्या गेल्या होत्या. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिल्या होत्या, इतकेच.

अशी भूक मारणारी औषधे बरीच आहेत. हृदयासाठीचे डिगॉक्सिन हे त्यातले जुने आणि फसवे, कारण रक्तातली पातळी ठीक असतानाही ते वृद्धांची भूक घालवू शकते. स्मृतिभ्रंशासाठीच्या डोनेपेझिलने मळमळ होते व वजन उतरते. लोहाच्या गोळ्यांनी पोट जड होते. पण औषध एकदम बंद करणे हा उपाय नव्हे. ज्या डॉक्टरने ते ज्या कारणासाठी दिले, ते कारण अजून उरले आहे का, हे आधी विचारायचे असते.

मनाची तपासणी सर्वांत अवघड, कारण या पिढीतला माणूस 'मी उदास आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो 'इच्छाच होत नाही', 'आता कशाला त्रास', 'तोंडाला चव नाही'. शरीराच्या भाषेतली ही तक्रार ऐकून पोटाचे औषध दिले जाते. आजींच्या खोलीत आणखी एक आजी होत्या. दोघी एकत्र जेवत, एकीच्या वाटीतले दुसरीच्या वाटीत जाई. एप्रिलमध्ये त्या आपल्या मुलीकडे गेल्या, आणि तेव्हापासून आजी खोलीतच ताट मागवू लागल्या. हे कोणत्याही कागदावर नव्हते. ते मावशींना माहीत होते. पंधरा प्रश्नांची, हो-नाही उत्तरांची जराचिकित्सेतली नैराश्याची चाचणी घेतली. तीत पाचपेक्षा अधिक गुण आले तर नैराश्याचा संशय घेतात. आजींचे नऊ आले. यानंतर एक प्रश्न सरळ विचारावा लागतो : 'जगू नये असे वाटते का?' तो विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. न जेवणे हाच कधी कधी त्या प्रश्नाला दिलेला मूक होकार असतो. आजींनी 'तसं नाही, पण कोणासाठी जेवायचं' असे उत्तर दिले.

हे सगळे हाती आल्यावर रक्ततपासणीला नेमका अर्थ येतो. रक्ताचा संपूर्ण लेखाजोखा, साखर, मूत्रपिंड, यकृत, कॅल्शियम, थायरॉइड, दाहाची खूण, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी एवढे पहिल्या फेरीत पुरते. आपल्याकडे क्षयरोग डोक्यात ठेवावा लागतो, आणि वृद्धांमध्ये तो खोकला वा तापाविना नुसत्या वजनघटीनेही येऊ शकतो. अल्ब्युमिन या प्रथिनाचा आकडा पोषणाचे माप म्हणून वाचण्याची सवय अजून आहे. वास्तविक ते दाहानेच अधिक उतरते, पोषणाचा अंदाज त्यातून चांगला येत नाही. पहिल्या फेरीत सर्व काही ठीक आले, तर लपलेला कर्करोग निघण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि सरसकट सीटी स्कॅन करत सुटण्याऐवजी तीन महिने नीट लक्ष ठेवणे योग्य ठरते. अशा रुग्णांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत लोकांत शेवटपर्यंत ठोस कारण सापडत नाही.

आजींच्या अहवालात दोन गोष्टी निघाल्या. बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी होते. अनेक वर्षांचे मेटफॉर्मिन आणि शाकाहार यांची ही जोडी नेहमीची. बी-१२ कमी झाले की जीभ लाल होऊन झोंबते आणि मनही खचते, म्हणजे तोंड आणि मन या दोन्ही धाग्यांना त्याने आणखी एक पीळ दिला होता. दुसरी गोष्ट तीन महिन्यांच्या साखरेची, एचबीए१सी ६.१ टक्के. तरुणाला हा आकडा शाबासकी मिळवून देईल. इतर आजार असलेल्या वृद्धाला मात्र आठच्या आतली साखर पुष्कळ झाली असे मधुमेहतज्ज्ञ मानतात. ६.१ चा अर्थ एवढाच, की औषध आणि पथ्य दोन्ही गरजेपेक्षा कडक आहेत. भात, साखर, तूप बंद केलेले ताट खाली होत नव्हते, आणि ते बंद ठेवण्याचे कारणही उरले नव्हते.

उपचारात एक पेच असतो. सगळे एकदम बदलले तर कशाचा गुण आला ते कळत नाही. एकेक करून बदलावे तर वजन थांबून राहत नाही. यावरचा व्यवहारी मार्ग असा, की ज्यांत धोका नाही ते बदल एकत्र करायचे आणि औषधांचे बदल काही दिवसांच्या अंतराने. पहिल्या आठवड्यात बुरशीवरचे औषध तोंडाला लावायला सुरुवात झाली, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवण्याचा नेम लागला, बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली आणि पथ्य सैल केले. खुंट काढल्यावर जिभेची जखम बारा दिवसांत भरली. ऑक्सिब्युटिनिन थांबवून त्याऐवजी दर दोन तासांनी मावशींनी शौचालयात नेऊन आणायचे ठरले. हे मनुष्यबळाचे काम आहे, आणि पुष्कळ ठिकाणी गोळी सुरू राहण्याचे खरे कारण तेच असते. दोन आठवड्यांनी मेटफॉर्मिन पुन्हा १००० वर आणले.

नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी मिर्टाझापिन निवडले, रात्री साडेसात मिलिग्रॅमपासून. हे औषध झोप आणते आणि भूकही वाढवते, पण पहिल्या दिवसांत झोपेच्या गुंगीत पडण्याचा धोका असतो आणि रक्तातले सोडियम तपासावे लागते. नैराश्य नसताना केवळ भुकेसाठी ते देणे योग्य नाही. 'भूक वाढवणारे टॉनिक द्या' ही नातेवाइकांची नेहमीची मागणी असते. त्यासाठी दिले जाणारे मेजेस्ट्रॉल वृद्धांत टाळावे असेच सांगितले जाते. त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि वजन वाढलेच तरी त्याचा उपयोग फारसा दिसत नाही.

ताटाचे काम स्वयंपाकघरात झाले. मऊ अन्न म्हणजे सगळे एकत्र मिक्सरमधून काढलेला करडा गोळा नव्हे. तो पाहूनच भूक मरते. मऊ खिचडीवर साजूक तूप, आमटीत जास्त डाळ, दुधी किंवा भोपळ्याची शिजून मऊ झालेली भाजी, दुधातली लापशी, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेले दही. प्रत्येक पदार्थ वेगळा, ओळखू येणारा. प्रमाण वाढवले नाही. तेवढ्याच घासांत कॅलरी वाढवल्या. प्रथिने दर किलोमागे किमान एक ग्रॅम असावीत, म्हणजे आजींना दिवसाला ४७ ग्रॅम. दुधाचा पेला जेवणाच्या दोन तास आधी किंवा नंतर, कारण जेवणासोबत दिला तर तो जेवणाचीच जागा घेतो. आणि ताट खोलीत न्यायचे बंद झाले. भोजनगृहातल्या एका टेबलावर तीन आजींमध्ये त्यांची खुर्ची लावली, ताट उचलायला पंचवीसऐवजी पंचेचाळीस मिनिटांची मुदत दिली.

वजन आता दर आठवड्याला घेतले जाऊ लागले. पहिले तीन आठवडे काटा थोडा खालीच सरकला, ४६.१ पर्यंत, चौथ्या आठवड्यात तो थांबला. अशा वेळी पहिले यश म्हणजे घट थांबणे, वाढ नंतर. ऑक्टोबरअखेर आजी ४८.२ किलोवर आल्या. जानेवारीतले ५२ कदाचित परत येणार नाहीत. या वयात गेलेले स्नायू पूर्ण भरून येत नाहीत. वर सांगितलेले सर्व करूनही तीन महिन्यांत वजन उतरतच राहिले असते, तर दुर्बीण आणि स्कॅन यांची पाळी आली असती. आणि स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात असता, तर उद्दिष्टच बदलले असते : अशा माणसाला पोटात नळी घातल्याने आयुष्य वाढत नाही, तेव्हा हाताने, त्याच्या गतीने, त्याला हवे तेवढेच भरवतात.

आजींची जुनी कवळी तूर्त आतून अस्तर लावून घट्ट करून घेतली आहे. नवी कवळी वजन तीन-चार महिने एका जागी स्थिर राहिल्यावरच बनवायची, नाहीतर हिरडीचा आकार पुन्हा बदलतो आणि तीही सैल पडते. आश्रमाच्या वहीत आता 'जेवल्या' लिहीत नाहीत. ताटात पाव, अर्धे की पाऊण उरले, ते लिहितात.